कापलेला एक टक्का कुणाचा आणि कोणत्या वर्षाचा?

फ्लॅट ८४ लाखांना विकला, पण विकणाऱ्याच्या खात्यात ८३ लाख १० हजारच जमा झाले. उरलेले ९० हजार घेणाऱ्याने कापून सरकारकडे भरले. विकणारा हिशेब मांडतो, तर ८४ लाखांचा एक टक्का ८४ हजार होतो. मग वरचे सहा हजार कसले? आणि हे पैसे परत कधी मिळणार, कसे मिळणार? घर विकलेली माणसं आपल्या सीएला पहिल्यांदा हेच विचारतात. उत्तर लांबलचक नाही, पण ते दोन प्रश्नांतून मिळवावं लागतं: कापलेला कर कुणाच्या नावावर जमा आहे, आणि तो कोणत्या वर्षाच्या उत्पन्नाचा आहे? या विषयात जितके घोळ होतात, त्यातले बहुतेक या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर चुकल्यामुळे होतात.

नियम कसा घडत गेला

आयकर कायद्यात कलम १९४-आयए आलं ते १ जून २०१३ पासून. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता घेणाऱ्याने विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का कर कापायचा आणि तो सरकारकडे भरायचा, एवढाच त्याचा गाभा. पगार किंवा कंत्राटाच्या टीडीएससाठी लागणारा टॅन नंबर इथे लागत नाही. दोघांचे पॅन पुरतात.

पुढच्या दहा-बारा वर्षांत या नियमात पळवाटा सापडत गेल्या आणि त्या एकेक करून बुजवल्या गेल्या. बिल्डर पार्किंग, क्लबची वर्गणी, वीज-पाण्याची जोडणी आणि देखभालीचे पैसे वेगळे दाखवायचे. १ सप्टेंबर २०१९ पासून ही सगळी रक्कम किमतीतच धरली जाते. कागदावर किंमत कमी दाखवण्याला १ एप्रिल २०२२ पासून लगाम बसला. तेव्हापासून ठरलेली किंमत आणि मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य, म्हणजे आपल्याकडे रेडी रेकनरवरून निघणारं मूल्य, यातलं जे जास्त त्यावर एक टक्का कापला जातो. तिसरी पळवाट सहमालकांची होती. नवरा-बायकोने ८४ लाखांचं घर मिळून घेतलं की प्रत्येकाचा वाटा ४२ लाखांचा, म्हणजे कुणीच ५० लाखांवर जात नाही, असा युक्तिवाद व्हायचा आणि काही न्यायाधिकरणांनी तो मान्यही केला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यानेच स्पष्ट केलं की घेणारे किंवा विकणारे कितीही असले, तरी ५० लाखांची मर्यादा संपूर्ण व्यवहाराला लावायची.

शेतजमीन यातून वगळली आहे. मात्र सातबारावर पीक लिहिलेलं आहे म्हणून जमीन आपोआप सुटत नाही. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीतली जमीन, आणि लोकसंख्येनुसार त्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या आत येणारी जमीन, या नियमापुरती शेतजमीन मानली जात नाही. पुण्याच्या हद्दीलगतचा ऊस उभा असलेला तुकडा विकतानाही एक टक्का कापावा लागू शकतो, तो त्यामुळेच.

एक व्यवहार, चार चलनं

आकडे कल्पित घेऊ, पण पुण्यात रोज होतो तसाच व्यवहार समोर ठेवू. एक निवृत्त शिक्षिका आपला कोथरूडचा फ्लॅट विकताहेत. नोकरी करणारं एक जोडपं तो निम्म्या-निम्म्या वाट्याने घेतंय. किंमत ८४ लाख ठरली, रेडी रेकनरनुसार मूल्य ९० लाख निघालं. मार्च २०२५ मध्ये १० लाख विसार दिला. मे महिन्यात करारनाम्याची नोंदणी झाली. जून २०२५ मध्ये गृहकर्ज सुटलं, उरलेले ७४ लाख देऊन ताबा घेतला.

पहिली गोष्ट म्हणजे कर प्रत्येक हप्त्यावर कापायचा असतो. विसारही त्यातून सुटत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे बरेच जण विसाराची रक्कम पूर्ण देऊन टाकतात आणि एक टक्का शेवटच्या हप्त्यातून एकदम कापतात. विसाराच्या भागावर मग उशिराचं व्याज लागतं.

दुसरी गोष्ट, फॉर्म घेणारा आणि विकणारा यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा भरावा लागतो. इथे घेणारे दोन आणि विकणारी एक, म्हणजे प्रत्येक हप्त्याला दोन फॉर्म. हप्ते दोन, म्हणून एकूण चार. मार्चमध्ये १० लाखांवर १० हजार, प्रत्येकाचे पाच हजार. जूनमध्ये ७४ लाख दिले असले, तरी ९० लाखांच्या हिशेबातला फरक शेवटच्या हप्त्यात येतो. म्हणून ८० लाखांवर ८० हजार, प्रत्येकाचे ४० हजार. सुरुवातीला कोड्यात टाकणारे ते वरचे सहा हजार म्हणजे ८४ आणि ९० लाखांमधल्या सहा लाखांचा हा एक टक्का.

गृहकर्ज असलं की इथे एक व्यावहारिक अडचण येते. बँक ६० लाखांचा चेक थेट शिक्षिकांच्या नावाने देते आणि त्यातून काही कापत नाही. मात्र कर कर्जाच्या पैशांसह पूर्ण रकमेवर कापायचा असतो. त्यामुळे ८० हजार जोडप्याला आपल्या पदरच्या १४ लाखांतूनच बाजूला काढावे लागतात. शिक्षिकांना बँकेकडून ६० लाख आणि जोडप्याकडून १३ लाख २० हजार मिळतात. हे करारनाम्यातल्या रकमेच्या तक्त्यात स्वतंत्र ओळीत लिहून घेणं शहाणपणाचं. पुढे ‘८० हजार कमी का दिले’ असा वाद निघत नाही, आणि घेणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत तर कर कापला गेला होता याचा पुरावा विकणाऱ्याच्या हाती राहतो.

कर भरायचा तो आयकर खात्याच्या पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये जाऊन, फॉर्म `26QB` निवडून. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यावर ३० दिवसांची मुदत असते. मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत आणि जूनचा ३० जुलैपर्यंत. त्यानंतर पंधरा दिवसांत घेणाऱ्याने `TRACES` च्या संकेतस्थळावरून `Form 16B` हे प्रमाणपत्र उतरवून विकणाऱ्याला द्यायचं असतं. मुदत चुकली की दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. ते कापलेल्या कराच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, पण लहान रकमेला तेवढी मर्यादा भारीच पडते. जोडप्यातल्या एकाचा पाच हजारांचा मार्चचा फॉर्म २५ दिवस उशिरा भरला तर शुल्कच पाच हजार होतं. त्यावर कापलेल्या तारखेपासून महिन्याला दीड टक्का व्याज वेगळं.

नाव चुकलं तर

या टप्प्यावर सर्वात जास्त दिसणारी चूक साधी असते. नवरा आपल्या लॉगिनमधून बसतो आणि पूर्ण ९० हजार स्वतःच्या पॅनवर भरून मोकळा होतो. सरकारकडे पैसे पोचलेले असतात, विकणाऱ्याला क्रेडिटही पूर्ण दिसतं. पण खात्याच्या नोंदीत बायकोने ४२ लाखांचा वाटा घेतला आणि कर कापला नाही असं उरतं. नोटीस तिला येते.

विकणाऱ्यांची संख्या एकापेक्षा जास्त असेल तर उलटी अडचण होते. वडिलांचं घर दोन भावांनी विकलं आणि घेणाऱ्याने सगळा कर थोरल्याच्या पॅनवर भरला, तर धाकट्याला आपल्या भांडवली नफ्यावर पूर्ण कर भरावा लागेल आणि कापलेल्या कराचं क्रेडिट मात्र थोरल्याकडे अडकेल. नियम सरळ आहे: नफा ज्याच्या उत्पन्नात धरला जातो, क्रेडिट त्याला. पत्नीचं नाव करारावर केवळ सोयीसाठी होतं आणि पैसे पतीचेच होते, अशा वेळी क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर वळवण्यासाठी नियम ३७बीए(२) आहे आणि रिटर्नमध्ये त्यासाठी रकानेही आहेत. पण तो रस्ता वळणावळणाचा. सुरुवातीलाच वाट्याप्रमाणे फॉर्म भरले तर त्याची गरज पडत नाही.

पॅनचा एखादा आकडा चुकला तर क्रेडिट भलत्याच माणसाच्या खात्यात जातं. दुरुस्ती घेणाऱ्यालाच `TRACES` वर करावी लागते, आणि काही बदलांना विकणाऱ्याची किंवा अधिकाऱ्याची मान्यता लागते. म्हणून शेवटचा हप्ता घेताना विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून चलनाची प्रत मागावी आणि पॅन स्वतः वाचून पाहावा. त्याचबरोबर विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय ठरतं, आणि मग एक टक्क्याऐवजी २० टक्के कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. विसार घेण्याआधी ही एक तपासणी दोघांनीही करायला हवी.

वर्षाचा पेच

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहू. शिक्षिकांचा विसार मार्च २०२५ चा, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ चा. ताबा आणि उरलेली रक्कम जूनमध्ये, म्हणजे २०२५-२६ मध्ये. हस्तांतरण दुसऱ्या वर्षात झालं, म्हणून भांडवली नफाही त्याच वर्षाचा आणि त्याचं रिटर्न करनिर्धारण वर्ष २०२६-२७ चं. पण पहिले १० हजार आधीच्या वर्षाच्या फॉर्म 26AS मध्ये येऊन बसले आहेत.

इथे बरेच लोक दोनपैकी एक चूक करतात. पहिली म्हणजे ते १० हजार त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये मागून टाकायचे. उत्पन्न दाखवलेलं नसताना त्यावरच्या कराचं क्रेडिट मागितलं की रिटर्न सदोष ठरवण्याची सूचना येऊ शकते किंवा क्रेडिट नाकारलं जातं. दुसरी चूक म्हणजे त्या १० हजारांकडे दुर्लक्ष करायचं, रिटर्नमध्ये कुठेच दाखवायचे नाहीत आणि पुढच्या वर्षी एकदम ९० हजार मागायचे. खात्याच्या संगणकाला मग आधीचे १० हजार पुढे आणल्याची नोंद कुठेच सापडत नाही.

नियम ३७बीए(३) सांगतो की ज्या वर्षी उत्पन्नावर कर लागतो, क्रेडिट त्याच वर्षी मिळतं. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये शिक्षिकांनी ते १० हजार टीडीएसच्या तक्त्यात दाखवायचे, पण ‘या वर्षी मागितलेली रक्कम’ शून्य ठेवून पूर्ण रक्कम ‘पुढे ओढलेली’ या रकान्यात टाकायची. ITR-1 मध्ये हा रकाना नाही. त्या वर्षी त्यांना केवळ पेन्शन आणि बँकेचं व्याज असलं, तरी या १० हजारांसाठी ITR-2 भरावा लागतो. वर्षानुवर्षं ITR-1 भरणाऱ्या ज्येष्ठांना हेच लक्षात येत नाही.

कधीकधी याच्या उलटही होतं. ताबा आणि दस्त एका वर्षात झाले, विकणाऱ्याने नफा त्या वर्षी दाखवून कर भरला, पण अडवून ठेवलेली शेवटची रक्कम घेणाऱ्याने पुढच्या वर्षी दिली आणि कर तेव्हा कापला. उत्पन्न आधी, कर नंतर. यासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून कलम १५५(२०) आणि फॉर्म ७१ ची सोय आहे. कर कापला त्या आर्थिक वर्षानंतर दोन वर्षांत अर्ज केला तर आधीच्या वर्षाच्या हिशेबात ते क्रेडिट बसवून मिळतं.

रिटर्नमधला हिशेब

करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या ITR-2 मध्ये शिक्षिकांना दोन ठिकाणी माहिती भरायची आहे आणि ती एकमेकींशी जुळली पाहिजे. भांडवली नफ्याच्या तक्त्यात दोन्ही घेणाऱ्यांची नावं, पॅन, प्रत्येकाचा वाटा, म्हणजे ४२-४२ लाख, आणि मालमत्तेचा पत्ता. टीडीएसच्या तक्त्यात `Form 16B` चा जो भाग आहे, त्यात मागून आणलेले पाच-पाच हजार २०२४-२५ या वर्षासमोर आणि चालू वर्षाचे चाळीस-चाळीस हजार वेगळ्या ओळींत. या वेळी पूर्ण ९० हजार ‘या वर्षी मागितलेले’ आणि उत्पन्नाचा प्रकार म्हणून भांडवली नफा. इथे कर कापणाऱ्याची ओळख टॅनने नाही, तर घेणाऱ्याच्या पॅनने होते.

एका आकड्यापाशी मात्र थबकायला होतं. कर ९० लाखांवर कापला, मग नफा ९० लाखांवर काढायचा का? नाही. कलम ५०सी मध्ये दहा टक्क्यांची सूट आहे. मुद्रांकाचं मूल्य ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या आत असेल तर खरी किंमतच धरायची. ८४ लाखांचे ११० टक्के म्हणजे ९२ लाख ४० हजार. ९० लाख त्याच्या आत आहेत, म्हणून नफा ८४ लाखांवरच. टीडीएसला मात्र ही सूट नाही. दोन नियम एकाच मूल्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात, आणि त्यामुळे दोन आकडे वेगळे असणं ही चूक नव्हे. रेडी रेकनरचं मूल्य ९५ लाख असतं तर मात्र नफाही ९५ लाखांवर धरावा लागला असता, आणि ११ लाखांच्या फरकावर घेणाऱ्यांनाही कर लागला असता.

आता नफा. शिक्षिकांनी फ्लॅट २००८-०९ मध्ये सर्व खर्चासह ३० लाखांना घेतला होता. दलाली ८४ हजार. महागाई निर्देशांक न लावता नफा ५३ लाख १६ हजार आणि त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ६ लाख ६४ हजार ५०० कर. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दुसरा हिशेब खुला आहे: निर्देशांक लावून नफा काढा आणि २० टक्क्यांनी कर मोजा, जो कमी तो भरा. निर्देशांक २००८-०९ साठी १३७ आणि २०२५-२६ साठी ३७६. त्यानुसार ३० लाखांचे सुमारे ८२ लाख ३४ हजार होतात. नफा उरतो जेमतेम ८२ हजार ४००, कर सुमारे १६ हजार ५००, उपकर धरून १७ हजारांच्या आसपास. कापले गेले आहेत ९० हजार. पेन्शनवरचा कर वेगळा भागला आहे असं धरलं, तर जवळपास ७३ हजारांचा परतावा मिळेल.

आता या गणितात फक्त खरेदीचं वर्ष बदलू. हाच फ्लॅट २०१२-१३ मध्ये ३० लाखांना घेतला असता, तर त्या वर्षाच्या २०० या निर्देशांकाने खरेदी किंमत ५६ लाख ४० हजारांपर्यंतच गेली असती आणि कर उपकरासह साडेपाच लाखांवर. तेव्हा ते ९० हजार म्हणजे देण्याचा सहावा हिस्साही नाही. विकणाऱ्याचं वय ६० च्या आत असेल तर उरलेला कर आगाऊ कराच्या हप्त्यांत भरावा लागतो, नाहीतर व्याज लागतं. ज्यांना व्यवसायाचं उत्पन्न नाही अशा निवासी ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर माफ आहे. त्यांनी तो रिटर्नच्या मुदतीत भरला तरी चालतो.

म्हणजे एक टक्का आणि खरा कर यांचा आपसात काही संबंध नाही. एक विक्रीच्या किमतीवर मोजतात, दुसरा नफ्यावर. नफा अजिबात नसला किंवा सगळी रक्कम नव्या घरात गुंतवून कलम ५४ ची पूर्ण सूट मिळणार असली, तरी हा एक टक्का कापला जातोच. कारण कमी दराने कर कापण्याचं प्रमाणपत्र ज्या कलमांसाठी मिळतं, त्या यादीत १९४-आयए नाही. नफा शून्य असला तरी पैसे परत मिळवायचे तर रिटर्न भरावंच लागतं.

मुलगा परदेशात असेल तर

या एक टक्क्याची गाडी सर्वात मोठी घसरते ती विकणारा अनिवासी असताना. अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक झालेला मुलगा पुण्यातला फ्लॅट विकायला येतो. घेणाऱ्याला माणूस मराठी, पॅन भारतीय, फ्लॅट कोथरूडचा दिसतो आणि तो नेहमीप्रमाणे एक टक्का कापतो. पण अनिवासी विक्रेत्याला १९४-आयए लागू नाही. तिथे कलम १९५ येतं. ५० लाखांची मर्यादा नाही, घेणाऱ्याला टॅन घ्यावा लागतो, आणि दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के अधिक अधिभार व उपकर कापावा लागतो. नफा किती हे अधिकाऱ्याकडून ठरवून आणलं नसेल तर व्यवहारात पूर्ण किमतीवरच कापण्याची पद्धत आहे. म्हणून अनिवासी विकणाऱ्याने करारापूर्वीच कमी कपातीचं प्रमाणपत्र मागावं, आणि घेणाऱ्याने ‘तुम्ही या वर्षी निवासी आहात का?’ हे लेखी विचारून घ्यावं. एक टक्का कापला आणि विकणारा अनिवासी निघाला, तर उरलेल्या कराची वसुली घेणाऱ्याकडून होते.

२०२६ नंतर

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. मालमत्तेवरच्या या कपातीची तरतूद तिथे कलम ३९३ मध्ये गेली. दर एक टक्का आणि मर्यादा ५० लाख हेच राहिले. ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आणि फॉर्मांचे जुने नंबर बदलले. २०२५-२६ मधल्या विक्रीचं रिटर्न मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे. विसार मार्च २०२६ मध्ये आणि ताबा एप्रिलनंतर, अशा व्यवहारांत कपात दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली विभागली जाईल. शिक्षिकांनी जे १० हजारांचं केलं, तेच तिथेही करावं लागेल. पहिल्या वर्षी तक्त्यात दाखवून पुढे ओढायचं, आणि ताबा दिला त्या वर्षी, नफ्याच्या ओळीशेजारी, मागून घ्यायचं.